पूर्वपत्राचा दाखला आणि उत्तराची विनंती : कार्यालयीन इंग्रजीतील दोन शब्दप्रयोगांचा अर्थविचार

१

भारतातील खाजगी कंपन्यांचा पत्रव्यवहार आज मोठ्या प्रमाणावर इंग्रजीतून आणि ईमेलच्या द्वारे चालतो. तो लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. वाचणारा मात्र कधी शेजारच्या विभागातील सहकारी असतो, तर कधी लंडन किंवा न्यूयॉर्क येथील ग्राहक. ह्या पत्रव्यवहारात काही ठराविक वाक्खंड वारंवार आढळतात. 'पर माय अर्लिअर ईमेल', म्हणजे 'माझ्या आधीच्या ईमेलप्रमाणे', आणि 'काइंडली रिव्हर्ट', म्हणजे 'कृपया उत्तर कळवावे', हे त्यांपैकी दोन होत. दोहोंत एकही कठोर शब्द नाही. तरीही पहिला प्रयोग वाचताच आपल्याला कोणी टोकले आहे, असे वाचणाऱ्यास वाटते. दुसरा प्रयोग पुण्यात वाचला तर साधी विनंती वाटतो. परंतु तोच लंडनमध्ये वाचला तर आज्ञा वाटू शकतो, किंवा त्याचा अर्थच लागत नाही.

शब्द सौम्य असता ठामपणा येतो कोठून, हा येथील प्रश्न आहे. 'ते बोलण्याच्या सुरावर अवलंबून असते', असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. पण लिखित मजकुराला सूर नसतो. तेव्हा सुराचे काम करणारे दुसरे काही तरी ह्या वाक्खंडांत असले पाहिजे. त्याचा शोध घेतला असता असे दिसते की, ह्या दोन प्रयोगांतील ठामपणा एकाच जातीचा नाही. पहिल्याचा ठामपणा अनावश्यक उल्लेखातून उत्पन्न होतो आणि म्हणून तो जवळजवळ सर्वत्र जाणवतो. दुसऱ्याचा ठामपणा दोन भाषासमाजांच्या सवयींतील अंतरामुळे भासतो आणि म्हणून तो काहींनाच जाणवतो.

२

प्रथम पूर्वपत्राच्या दाखल्याचा विचार करू. आधीच्या पत्राचा उल्लेख करण्याची पद्धत ईमेलने निर्माण केलेली नाही. कागदी पत्रव्यवहारात ती नितान्त आवश्यक होती. एका कचेरीतून गेलेले पत्र जावक नोंदवहीत चढे, दुसऱ्या कचेरीत ते आवक नोंदवहीत चढे आणि तेथील एखाद्या फाइलीत जाऊन बसे. त्याला उत्तर आले, की ते उत्तर कोणत्या पत्राचे, हे कळण्यास क्रमांक आणि दिनांक ह्यांखेरीज दुसरा मार्ग नव्हता. शासकीय पत्रांच्या शिरोभागी 'संदर्भ' म्हणून जी ओळ असते, तिचे प्रयोजन हेच होय. ती ओळ वाचून कोणत्याही लिपिकास राग येत नसे; उलट ती नसली, तर त्याची अडचण होई.

ईमेलमध्ये ही स्थिती पालटली. संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रावरील व्यक्तीने दुसऱ्या यंत्रावरील व्यक्तीस संदेश पाठविण्याची सोय रे टॉमलिन्सन ह्यांनी १९७१ साली करून दाखविली. पुढे ह्या साधनाचा प्रसार झाला, तेव्हा उत्तराखाली मूळ पत्र आपोआप जोडले जाण्याची रीत रूढ झाली. त्यामुळे पूर्वपत्र शोधावे लागत नाही. ते नव्या पत्राच्या खाली तसेच लोंबत असते. भारतीय कचेऱ्यांत त्याला 'ट्रेलिंग मेल', म्हणजे मागे ओढत येणारा मेल, असे नावही पडले आहे. परिणामी संदर्भ देण्याचे मूळ काम संपले. पण संदर्भ देणारा शब्दप्रयोग मात्र उरला. काम संपलेल्या शब्दास दुसरे काम मिळावे, ही भाषेच्या इतिहासातील नेहमीची घटना आहे. येथेही तेच झाले.

हे दुसरे काम कसे चालते, ते एच. पी. ग्राइस ह्यांच्या विवेचनावरून स्पष्ट होते. ग्राइस ह्यांनी १९६७ साली दिलेल्या आणि पुढे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात असे प्रतिपादिले की, संभाषण करणारे लोक परस्परांशी सहकार्य करीत आहेत असे गृहीत धरूनच आपण बोलण्याचा अर्थ लावतो. ह्या सहकार्याचा एक भाग असा, की गरजेपेक्षा कमी सांगू नये आणि अधिकही सांगू नये. कोणी गरजेपेक्षा अधिक सांगितले, तर ऐकणारा ते निरर्थक समजत नाही. 'हे मुद्दाम का सांगितले?' असे तो स्वतःस विचारतो आणि उत्तर शोधतो. खाली दिसत असलेल्या पत्राकडे कोणी बोट दाखविले, तर त्याचे एकच सयुक्तिक कारण संभवते : ते पत्र तुम्ही पाहिले नाही.

आपल्याकडील साहित्यशास्त्रास ही प्रक्रिया अपरिचित नाही. मम्मटाने व्यंजनेची चर्चा करताना सूर्यास्त झाल्याचे सांगणारे एक साधे वाक्य उदाहरणादाखल घेतले आहे. तेच वाक्य गुराख्याने ऐकले तर गुरे घरी न्यावीत असे तो समजतो, आणि नित्यकर्म करणाऱ्याने ऐकले तर संध्येची वेळ झाली असे तो समजतो. वाच्यार्थ कायम राहतो. ध्वनित होणारा अर्थ मात्र ऐकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे बदलतो. 'पर माय अर्लिअर ईमेल' ह्याचे असेच आहे. त्याचा वाच्यार्थ खोटा ठरत नाही अथवा बाधितही होत नाही. तो जागच्या जागी राहून दुसऱ्या अर्थास वाट करून देतो.

३

ह्या वाक्खंडाची व्याकरणिक घडणही त्याच्या कार्यास अनुकूल आहे. तीतील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट 'पर' ह्या शब्दाची. हे मूळचे लॅटिन शब्दयोगी अव्यय असून त्याचा अर्थ 'द्वारा' किंवा 'मधून' असा आहे. इंग्रजी व्यापारी लेखनात ते 'बिलाप्रमाणे' आणि 'नमुन्याप्रमाणे' अशा अर्थाच्या प्रयोगांत रुळले. अशा ठिकाणी 'पर' ज्या कागदाला जोडले जाते, तो कागद प्रमाण मानला जातो आणि मालाने त्याच्याशी जुळावे लागते. मराठी दफ्तरी भाषेत 'बरहुकूम' आणि 'अन्वये' हे शब्द ह्याच जातीचे. कायद्याच्या कलमास 'अन्वये' शोभते. स्वतःच्या परवाच्या पत्रास लावले, तर त्या पत्रास कलमाची प्रतिष्ठा दिल्यासारखे होते. 'पर' ह्या छोट्या शब्दाने नेमके हेच साधते.

दुसरी गोष्ट 'माय' ह्या सर्वनामाची. 'आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे' असे म्हटले, तर जबाबदारी दोघांची होते. 'माझ्या ईमेलप्रमाणे' असे म्हटले, की 'मी माझे काम केले आहे' एवढे सूचित होते. राहिले ते कोणाचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की ह्या वाक्खंडात क्रियापदच नाही. 'तुम्ही वाचले नाही' हे वाक्य विधान आहे. ते नाकारता येते आणि त्याबद्दल वादही घालता येतो. 'माझ्या आधीच्या ईमेलप्रमाणे' हे विधानच नव्हे. त्यामुळे आरोप झाला, असे कोणालाही सिद्ध करता येत नाही. ज्याला टोचले त्याने तक्रार केली, तर 'केवळ संदर्भ दिला होता' असे म्हणावयास लिहिणारा मोकळा असतो. पेनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन ह्यांनी सभ्यतेच्या आपल्या सिद्धान्तात अशा बोलण्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. जे बोलल्याने दुसऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल, ते उघड न बोलता अशा रीतीने सुचवावे की बोलणाऱ्यास त्यातून अंग काढून घेता यावे, हा त्यांच्या मते सभ्य व्यवहाराचा एक प्रकारच आहे.

मात्र ईमेलमध्ये ह्यास एक विशेष वळण मिळते. येथे दोष अप्रत्यक्ष राहतो, पण वस्तुस्थितीची नोंद अगदी प्रत्यक्ष होते. अमुक दिवशी अमुक गोष्ट कळविली होती, हे पत्रात उमटते आणि तसेच टिकते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतात इलेक्ट्रॉनिक नोंदींना वैधानिक मान्यता दिली. तेव्हापासून कचेरीतील ईमेल ही केवळ बातचीत राहिलेली नाही. ते दफ्तर आहे. म्हणून अशा पत्राला लिहिणारा आणि वाचणारा ह्यांखेरीज एक तिसरा संभाव्य वाचक नेहमी असतो : वरिष्ठ, लेखापरीक्षक किंवा वाद उद्भवल्यास लवाद. शब्द सभ्य ठेवले जातात ते अनेकदा ह्या तिसऱ्या वाचकासाठी. पुढे कधी हे पत्र त्याच्यासमोर गेले, तर लिहिणारा संयमी दिसावा आणि काम मात्र कोणाकडून राहिले हे स्पष्ट व्हावे, ही त्यामागील दृष्टी असते.

४

एक कल्पित उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. पुण्यातील एका कारखान्याचा खरेदी विभाग मुंबईच्या एका पुरवठादाराला सोमवारी ईमेल पाठवितो. त्यात लिहिले आहे, की २०० बेअरिंगे हवी आहेत. माल कोणत्या तारखेस मिळेल ते कळवावे आणि चाचणीचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. बुधवारी पुरवठादाराचे उत्तर येते. त्यात तारीख दिलेली आहे, प्रमाणपत्राचा उल्लेख नाही आणि शेवटी 'किती नग हवेत?' असा प्रश्न आहे. शुक्रवारी खरेदी विभाग पुन्हा लिहितो. हे तिसरे पत्र तीन रीतींनी लिहिता येईल.

पहिली रीत अशी : 'नग २०० हवेत. प्रमाणपत्राची वाट पाहत आहोत.' येथे पूर्वपत्राचा उल्लेख नाही. प्रश्नाचे उत्तर दिले आहे आणि राहिलेली गोष्ट सांगितली आहे. पुरवठादाराची चूक झाकली गेली.

दुसरी रीत : 'माझ्या आधीच्या ईमेलप्रमाणे नग २०० हवेत. प्रमाणपत्र सोमवारपर्यंत पाठवावे.' येथे टोचणी आहे. पण माहितीही पुन्हा दिलेली आहे. वाचणाऱ्यास खाली शोधावे लागत नाही. 'हे मी सांगितले होते, तरी पुन्हा सांगतो', असा ह्याचा भाव. व्यवहारात बहुतेक वेळा हीच रीत आढळते आणि ती ठाम असूनही कडवट नसते.

तिसरी रीत : 'माझा आधीचा ईमेल पाहावा. त्यात नगांची संख्या दिलेली आहे.' आणि पत्राची एक प्रत पुरवठादाराच्या व्यवस्थापकास. येथे संख्या लिहिण्यास जेवढी अक्षरे लागली असती, त्याहून अधिक अक्षरे ती न सांगण्यासाठी खर्च झाली आहेत. वाचणाऱ्याने स्वतः खाली जावे, आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहावी आणि ती वरिष्ठानेही पाहावी, अशी ही योजना आहे. शब्द दुसऱ्या रीतीइतकेच सभ्य आहेत. पण हे पत्र स्मरणपत्र राहिले नाही, ते दोषारोपपत्र झाले.

ह्या तुलनेवरून कसोटी हाती येते. पत्राची तीव्रता वाक्खंडावरून मोजता येत नाही; त्याच्या आजूबाजूस काय आहे त्यावरून मोजावी लागते. पाहावयाचे ते एवढेच : हवी असलेली माहिती पुन्हा दिली आहे की रोखून धरली आहे? ह्या पत्राच्या प्रतींत आधी नसलेले एखादे नाव आले आहे काय? मुदत घातली आहे काय? माहिती दिलेली आहे, नवे नाव नाही आणि मुदतही नाही, असे असेल, तर तो केवळ सवयीचा शब्द समजावा. तिन्ही गोष्टी उलट असतील, तर पुढची पायरी औपचारिक तक्रारीची असण्याचा संभव आहे.

ह्या कसोटीला मर्यादाही आहे. पूर्वपत्राचा दाखला कधी कधी खरोखरच आवश्यक असतो. पत्रांची साखळी तुटून नवे पत्र सुरू झाले असेल, चर्चेत नवा माणूस आला असेल किंवा करारात लेखी सूचनेची अट असेल, तर संदर्भ द्यावाच लागतो. अशा वेळी तो अनावश्यक नसतो आणि म्हणूनच टोचतही नाही. वरील सिद्धान्तास ह्या अपवादाने बाधा न येता पुष्टीच मिळते. टोचणी शब्दात असती, तर ती येथेही राहिली असती.

५

आता 'काइंडली रिव्हर्ट' ह्या प्रयोगाकडे वळू. ह्यातील 'रिव्हर्ट' हे क्रियापद 'मागे वळणे' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले आहे. इंग्रजी कायद्यात मालमत्ता मूळ मालकाकडे परत जाते, तेव्हा ते वापरले जाते. माणूस जुन्या सवयीकडे वळतो किंवा वक्ता मूळ विषयाकडे परत येतो, तेव्हाही ते चालते. ह्या शेवटच्या अर्थापासून 'ह्या विषयासंबंधी पुन्हा आपल्याकडे येईन' आणि तेथून 'उत्तर देईन' येथवरचा प्रवास फार लांबचा नाही. भारतात तो पूर्ण झाला. सिंगापूर आणि मलेशिया येथील इंग्रजीतही हा अर्थ आढळतो. ब्रिटन व अमेरिका येथील सामान्य वाचकास मात्र तो अपरिचित आहे. परतण्याच्या कल्पनेतून उत्तराची कल्पना निघणे मराठी माणसास नवे वाटू नये. 'उलट टपाली कळवावे' हा आपला जुना प्रयोग त्याच कल्पनेवर उभा आहे.

'काइंडली' ह्या शब्दाचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. मराठीत विनंती करताना आदर क्रियापदातच दाखविता येतो. 'कळव', 'कळवा' आणि 'कळवावे' ही तीन रूपे तीन निरनिराळ्या पायऱ्यांची आहेत. त्यांतील 'कळवावे' हे विध्यर्थी रूप कर्त्याकडे थेट बोट दाखवीत नाही, म्हणून ते पत्रव्यवहारास विशेष योग्य ठरले. इंग्रजी आज्ञार्थास अशा पायऱ्या नाहीत. मित्रास, नोकरास आणि साहेबास एकच 'रिव्हर्ट'. ज्याच्या भाषेत आदराची जागा क्रियापदात राखून ठेवलेली आहे, त्याला हे रूप उघडेबोडके वाटते. ती रिकामी जागा भरण्यास 'काइंडली' हा शब्द उपयोगी पडला. भारतीय विद्यार्थी शाळेतच रजेच्या अर्जात तो शिकतो : कृपा करून रजा मंजूर व्हावी. खालून वर जाणारी विनंती आणि हा शब्द ह्यांची गाठ तेथेच पडते.

ब्रिटन व अमेरिका येथे ह्याच शब्दाचा मार्ग निराळा झाला. तेथे रोजच्या विनंतीस 'प्लीज' पुरेसा असतो. 'काइंडली' हा त्याहून औपचारिक आणि काहीसा जुनाट शब्द उरला आणि तो प्रायः सूचनाफलकांवर व तंबी देताना येऊ लागला : कृपया येथे धूम्रपान करू नये, कृपया आवाज कमी करावा. साधा शब्द उपलब्ध असता औपचारिक शब्द निवडला, की वाचणाऱ्यास अंतर जाणवते. अशा रीतीने जो शब्द भारतीय लेखकाने आज्ञा मृदू करण्यासाठी घातला, तोच परदेशी वाचकास आज्ञा कठोर करणारा वाटतो. लिहिणाऱ्याच्या मनात ठामपणा नसताही तो वाचणाऱ्याच्या मनात उत्पन्न होतो.

'रिव्हर्ट'मुळे तर प्रत्यक्ष घोटाळाही होऊ शकतो. संगणक-आज्ञावलींचे काम करणाऱ्यांत ह्या शब्दाला 'केलेला बदल मागे घेणे' असा पक्का पारिभाषिक अर्थ आहे. गिट नावाच्या प्रणालीत `git revert` ही त्या कामाची आज्ञाच आहे. समजा, पुण्यातील एका अभियंत्याने लंडनमधील सहकाऱ्यास लिहिले, की 'काल केलेल्या बदलासंबंधी कृपया रिव्हर्ट करावे.' त्याला हवे आहे ते मत. सहकारी मात्र तो बदल मागे घेतो. दोघांनीही शब्दाचा अर्थ आपापल्या ठिकाणी बरोबरच घेतला. कामाचा एक दिवस मात्र वाया गेला. ज्या पत्रात बदल, आवृत्ती किंवा दुरुस्ती ह्यांचा विषय आहे, त्यात 'रिप्लाय' हा शब्द वापरणे एवढ्याचसाठी इष्ट होय. भारतातल्या भारतात आणि इतर विषयांत 'रिव्हर्ट' वापरल्याने काही बिघडत नाही. तेथे तो चुकीचा नसून स्थानिक आहे.

६

दोन्ही प्रयोगांतील भेद मराठीच्या कसोटीवर घासून पाहता येतो. 'कृपया उत्तर कळवावे' हे मराठीत लिहिले, तर त्यात कोणालाही तंबी दिसत नाही. म्हणजे 'काइंडली रिव्हर्ट'मधील कठोरता भाषांतरात उरत नाही; ती त्या शब्दांच्या परदेशातील वापराशी बांधलेली आहे. 'आधीच्या पत्रात कळविल्याप्रमाणे' हे मात्र मराठीतही टोचते, आणि तेही इंग्रजीत टोचते त्याच परिस्थितीत : जेव्हा ते सांगण्याची गरज नसते तेव्हा.

मराठीला येथे एक सोय अधिक आहे. 'मागे कळविले होते' आणि 'मागेच कळविले होते' ह्या दोन वाक्यांत एका 'च'चे अंतर आहे. पहिले माहिती देते. दुसरे दोष देते. हा 'च' लिहिणाऱ्यास आपला रोष उघड मान्य करावा लागतो, कारण तो कागदावर दिसतो. इंग्रजी बोलण्यात हे काम शब्दावरील आघाताने होते. लिखाणात आघात नाही आणि 'च'ही नाही. ती उणीव अनावश्यक उल्लेखाने भरून काढली आहे. 'पर माय अर्लिअर ईमेल' हा त्या न लिहिलेल्या 'च'चा इंग्रजी पर्याय होय. फरक इतकाच, की मराठी 'च'ची मालकी लिहिणाऱ्यास नाकारता येत नाही, आणि इंग्रजी प्रयोगाची येते.